शेततळ्याचा कागद आणि वडिलांची गोष्ट: ‘आमच्याविषयी’ पानाची तपासणी

प्रश्न: जालन्यात आमचं शेततळ्यात पाणी मुरू नये म्हणून प्लास्टिकचा कागद टाकायचं काम आहे. आमच्या वेबसाइटवरचं ‘आमच्याविषयी’ हे पान लोक बऱ्यापैकी उघडतात, पण तिथून फोन येत नाही. त्या पानावर सगळं वडिलांविषयीच आहे. मित्र म्हणतो, ते काढून टाक. वडिलांचा त्या पानावर फार जीव आहे. मजकूर आणि आकडे सोबत पाठवतो. हे पान तपासायचं कसं आणि त्यातलं ठेवायचं काय?

उत्तर:

काढून टाकू नका. तुमच्या मित्राला दुखणं बरोबर दिसलंय, पण त्यानं सांगितलेलं औषध चुकीचं आहे. वडील गेले की त्या पानावर ‘दर्जेदार सेवा, माफक दर, ग्राहकांचे समाधान’ एवढंच उरेल, आणि ते तर जालन्यापासून नांदेडपर्यंतच्या प्रत्येक दुकानाच्या पाटीवर लिहिलेलं असतं.

आधी हे बघा की शेतकरी ते पान उघडतो कशासाठी. तुम्ही पाठवलेल्या आकड्यांत उत्तर आहे. लोक कुठल्या पानावरून कुठं गेले ते दाखवणाऱ्या गूगल ॲनालिटिक्समधल्या Path exploration मध्ये ‘आमच्याविषयी’ हे पान शेवटचं टोक धरून मी उलटं बघितलं, तर या पानावर येणारे बहुतेक लोक ‘दर’ या पानावरून आलेत. म्हणजे तो माणूस तळं खोदून बसलाय, भाव बघितलाय, भाव त्याला फार खटकलेलाही नाही. आता त्याला माणूस तपासायचाय. हे लोक कोण, आगाऊ रक्कम घेऊन फोन बंद तर करणार नाहीत ना, पाचशे मायक्रॉन जाडी सांगून तीनशेचा कागद तर अंथरणार नाहीत ना, दोन वर्षांनी फाटला तर येतील का. तो तुमच्याचविषयी विचारायला आलाय. त्यामुळं या पानावर तुमच्याविषयी लिहिलंय ही चूक नव्हे. त्यानं विचारलंय एक आणि पान सांगतंय दुसरंच, ही चूक आहे.

पान पहिल्या ओळीपासून सांगतं की वडिलांचा जन्म अंबड तालुक्यातल्या एका सामान्य शेतकरी कुटुंबात झाला, लहानपणापासून त्यांना समाजकार्याची आवड होती. हे वाचताना शेतकऱ्याचा हात पडद्यावर वर सरकतो आणि मग ‘मागे’वर जातो. तुमच्या आकड्यांत फेब्रुवारी ते एप्रिल या 3 महिन्यांत हे पान 340 वेळा उघडलंय आणि सरासरी 19 सेकंद समोर राहिलंय. मजकूर सहाशे शब्दांचा. तो नीट वाचायला तीन मिनिटं तरी लागतात. पानाच्या तळापर्यंत पोचलेले फक्त 22. ॲनालिटिक्स आपण होऊन जो scroll मोजतं तो पान 90 टक्के खाली गेल्यावरच मोजतं, त्यामुळं मध्यापर्यंत किती आले हे त्यातून कळत नाही. पण 19 सेकंद आणि 22 माणसं एकत्र ठेवली तर बहुतेकांनी पहिला पडदा बघून पान सोडलं असं धरायला हरकत नाही.

एक गोष्ट मात्र आधी दुरुस्त करा. ‘तिथून फोन येत नाही’ असं तुम्ही म्हणता, पण ते तुम्ही मोजलेलंच नाही. व्हॉट्सॲपचा wa.me दुवा दुसऱ्या संकेतस्थळावर जातो म्हणून तो बाहेरचा क्लिक म्हणून आपोआप मोजला जातो. फोन नंबरचा tel: दुवा तसा मोजला जात नाही, त्यासाठी गूगलच्या टॅग मॅनेजरमध्ये ‘दुव्याचा पत्ता tel: नं सुरू होतो’ अशी अट घालून वेगळी नोंद लावावी लागते. आणि तुमच्या पानावर तर नंबर चित्रात लिहिलाय, त्यावर बोट ठेवलं तरी फोन लागत नाही. तो आधी मजकुरात घ्या, दुवा द्या, नोंद लावा आणि मगच बाकीचं काम सुरू करा. नाहीतर बदलाआधी काय होतं आणि नंतर काय झालं हे कधीच कळणार नाही.

आता मुख्य काम. मी कुठलंही ‘आमच्याविषयी’ पान तपासायला घेतलं की मजकुराआधी फोनची वही मागतो. वही नसेल तर पंधरा दिवस ठेवायला लावतो. एकच गोष्ट लिहायची: फोन करणाऱ्यानं विचारलेला पहिला प्रश्न, त्याच्याच शब्दांत, आपल्या शब्दांत सुधारून नाही. तुम्ही फोनवर मला आठवून जे सांगितलंत तेच मी कागदावर उतरवून घेतलंय: “किती वर्षं जातो?” “पाचशेचाच असतो ना, का वरून पाचशे?” “जोड किती येतील?” “उंदरानं कुरतडला तर काय करावं?” “जनावर पडलं आत तर फाटतो का?” “अनुदानाचं बिल देता का?” आणि एक, जो तुम्ही हसून सोडून दिलात: “मागच्या वेळेस टाकणारा परत आलाच नाही, तुम्ही येता का?”

हा शेवटचा प्रश्न म्हणजे तुमच्या पानाचं खरं शीर्षक आहे. बाकीचे प्रश्न कागदाविषयी आहेत, हा माणसाविषयी आहे, आणि माणसाविषयीचं पान हेच आहे.

या प्रश्नांत तुमचा शब्द कुठला आहे तेही बघा. शेतकरी ‘कागद’ म्हणतो, कुणी ‘पन्नी’ म्हणतो. पान म्हणतं ‘जिओमेम्ब्रेन अस्तरीकरण’. अस्तरीकरण हा सरकारी अर्जातला शब्द आहे आणि अनुदानाच्या कामासाठी तो एकदा यायला हवा. पण पहिल्या ओळीत ‘कागद’च हवा, कारण वाचणाऱ्याला आपण बरोबर ठिकाणी आलोय हे त्या शब्दानं कळतं.

मग पान छापून घ्या, मोबाइलवर बघत करू नका. तीन रंगांची पेनं घ्या. ज्या वाक्यात वहीतल्या एखाद्या प्रश्नाचं उत्तर आहे त्याखाली हिरवी रेघ मारा. ज्यात उत्तर नाही, पण एखादा तपशील घातला तर होऊ शकेल, त्याखाली निळी. कुठल्याच प्रश्नाशी ज्याचा संबंध नाही, त्याखाली लाल.

इथं एक सापळा आहे, मराठीत लिहिलेल्या पानांमध्ये मला तो हमखास सापडतो. इंग्रजी पानं तपासायची एक सोपी रीत सांगितली जाते: ‘आम्ही’ किती वेळा आलं आणि ‘तुम्ही’ किती वेळा आलं ते मोजा. मराठीत ही मोजणी फसवते. आपल्याकडं कर्ता क्रियापदात लपतो. ‘उत्कृष्ट सेवा पुरवतो, गुणवत्तेशी तडजोड करत नाही, दिलेला शब्द पाळतो’ या तीन वाक्यांत ‘आम्ही’ एकदाही नाही, तरी तिन्ही वाक्यं आपलंच कौतुक करतात. उलट ‘ग्राहक हेच आमचे दैवत’ यात ग्राहक आहे, पण त्याची अडचण नाही. तुमच्या पानावर ‘शेतकरी’ हा शब्द 11 वेळा आलाय. अकराही वेळा तो ‘शेतकऱ्यांच्या सेवेसाठी’, ‘शेतकरी बांधवांचा विश्वास’ अशा ठिकाणी उभा आहे. त्याच्या तळ्यातलं पाणी का जातं, यावर अकरा वेळांत एक शब्द नाही. त्यामुळं शब्द मोजू नका. प्रत्येक वाक्याला एकच प्रश्न विचारा: हे वाचून बांधावर उभ्या असलेल्या माणसाची कुठली शंका गेली?

तुमच्या पानावर एकूण 41 वाक्यं आहेत. माझ्या हातून हिरव्या रेघा 3 पडल्या, निळ्या 9 आणि लाल 29. तुम्ही स्वतः कराल तेव्हा दोन-चार इकडचे तिकडं होतील, त्यानं बिघडत नाही. पण हे काम वडिलांसोबत बसून करू नका. पहिल्या लाल रेघेला वाद होईल आणि पुढचं राहून जाईल.

निळ्या वाक्यांवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो. पान दुरुस्त करायला लागणारं सामान तिथंच पडलेलं असतं. संस्थापकाविषयी लिहिणारा माणूस आदरापोटी तपशील पुसत जातो. घटना जितकी खरी आणि अंगाला लागलेली, तितकी ती ‘संकट’, ‘संघर्ष’, ‘जिद्द’ अशा मोठ्या शब्दाखाली झाकली जाते. तुमच्या पानाच्या मधोमध एक वाक्य आहे: ‘अनेक नैसर्गिक संकटांवर मात करत त्यांनी 2014 साली शेतकऱ्यांच्या सेवेसाठी या उद्योगाची मुहूर्तमेढ रोवली.’ मी तुम्हाला फोनवर विचारलं, कुठली संकटं? तुम्ही म्हणालात, “2013 ला बाग गेली ना आमची.” तेवढ्यावर न थांबता मी विचारत गेलो आणि तुम्ही जे सांगितलं ते असं: साडेतीनशे मोसंबीची झाडं. तळं होतं. पावसाळ्यात विहिरीचं पाणी उपसून तळ्यात घेतलं होतं. जमीन मुरमाची, आणि तळ्यात कागद नव्हता. दिवाळीला पाणी निम्म्यावर आलं, संक्रांतीनंतर तळ दिसायला लागला. टँकर परवडेनात. मे महिन्यात वडिलांनी स्वतः झाडं तोडायला लावली.

त्या वर्षी जालना जिल्ह्यात मोसंबीच्या बागा वाळताना ज्यांनी बघितल्यात त्यांना हे चार ओळींत कळतं. आणि तुमचं गिऱ्हाईक नेमकं तेच आहे. वडिलांची गोष्ट आणि शेतकऱ्याची अडचण या दोन वेगळ्या गोष्टी नाहीतच. तुमचे वडील तुमचं पहिलं गिऱ्हाईक होते, फक्त तेव्हा कागद टाकून देणारं कुणी त्यांना भेटलं नव्हतं. पानानं ही सगळी घटना ‘नैसर्गिक संकटांवर मात’ या शब्दांत पुरून टाकलीय.

आणखी एक निळं वाक्य: ‘कामाच्या दर्जाबाबत ते अत्यंत काटेकोर आहेत.’ काटेकोर म्हणजे काय, हे वडिलांना मी नाही, तुम्ही विचारायचं. पण ‘बाबा, तुमचं वैशिष्ट्य काय’ असं विचारलंत तर ते पुन्हा सचोटी आणि मेहनत सांगतील. कुठल्याही संस्थापकाला थेट गुण विचारले की तो भाषण करतो. त्यांना एक तळं आठवायला सांगा, बिघडलेलं. ‘पहिल्यांदा कागद फाटला ते कुणाचं तळं होतं आणि तुम्ही काय केलं?’ माझ्या कामात मी हाच प्रश्न वापरतो, मोबाइलचं रेकॉर्डिंग चालू ठेवून. एका ठिबकवाल्या गृहस्थांनी या प्रश्नावर वीस मिनिटांत जे सांगितलं ते त्यांच्या छापील पुस्तिकेत कुठंच नव्हतं.

हाच प्रश्न वडिलांना काल रात्री विचारून तुम्ही जे कळवलंत ते मला फार मोलाचं वाटलं. वडील म्हणाले, “कागद वरून कमी फाटतो, खालून जास्त. गोटा राहिला ना एखादा, पाणी भरलं की वजनानं त्याच्यावर कागद ताणतो आणि तिथंच जातो. म्हणून मी अंथरायच्या आधी अनवाणी चालतो उतारावरून. पायाला टोचलं तर कागदाला टोचणार.” काटेकोर या शब्दाचा अर्थ हा आहे. अनवाणी चालणारा माणूस शेतकऱ्याला दिसला की ‘अत्यंत काटेकोर’ लिहायची गरज उरत नाही.

‘आयएसआय दर्जाचा कागद’ हेही निळंच. यात ‘दर्जा’ कुणाला तपासता येत नाही. शेततळ्याच्या एचडीपीई विणलेल्या कागदासाठी IS 15351 हे भारतीय मानक आहे. तुमच्या रोलवर हा क्रमांक छापलेला असेल तरच पानावर लिहा आणि रोलच्या त्या छापाचा जवळून काढलेला फोटो लावा. ‘का वरून पाचशे?’ या शंकेला तेवढ्यानंही पूर्ण उत्तर मिळत नाही. तुम्ही म्हणालात की वडील जाडी मोजायचा गेज सोबत नेतात आणि शेतकऱ्यानं मागितलं तर मोजून दाखवतात. ‘मागितलं तर’ काढा. प्रत्येक ठिकाणी मोजून दाखवा आणि ते पानावर लिहा. तपासणीत असं अनेकदा होतं: पान लिहिताना कामाच्या पद्धतीतच एखादी गोष्ट पक्की करावी लागते.

लाल वाक्यांचं काय? जन्म, शिक्षण, समाजकार्याची आवड, दोन सत्कार, मंत्र्यांसोबतचा फोटो, ‘शून्यातून विश्व निर्माण केले’, कुटुंबाचा पाठिंबा. यातलं काही खोटं नाही आणि तुमच्या घरासाठी ते मौल्यवान आहे. म्हणून ते पुसू नका, हलवा. ‘वाटचाल’ नावाचं वेगळं पान करा आणि नव्या पानाच्या तळाशी त्याचा दुवा द्या. बँकेचा अधिकारी, नवा पुरवठादार, कामाला येऊ पाहणारा पोरगा ते वाचेल, त्यांना ते लागतं. सत्काराचा आणि मंत्र्यांचा फोटो तिथं जाईल. सध्या तो फोटो मोबाइलवर सगळा पहिला पडदा व्यापतो, खाली मजकुराची एक ओळसुद्धा दिसत नाही. 19 सेकंदांतले किती सेकंद त्या फोटोवर गेले असतील ते तुम्हीच बघा. त्या जागी तळ्याच्या काठावर उभ्या असलेल्या वडिलांचा साधा फोटो लावा. पायाखाली उतार दिसावा, हातात गेज असावा. स्टुडिओतला नको.

आता मजकूर. तुमच्या सध्याच्या पहिल्या परिच्छेदाच्या जागी मी असं लिहीन:

“तळं भरलं होतं, पण पाणी उन्हाळ्यापर्यंत टिकलं नाही. मुरमाच्या जमिनीत हे होतं. 2013 च्या उन्हाळ्यात आमची स्वतःची साडेतीनशे मोसंबीची झाडं अशीच गेली. तळं होतं, कागद नव्हता.

पुढच्या वर्षी बाबांनी शेततळ्याला कागद टाकायचं काम सुरू केलं. 30 बाय 30 मीटरच्या आणि 3 मीटर खोल तळ्यात जवळपास 22 लाख लिटर पाणी मावतं. एक टोकदार गोटा त्यातलं बरंच पाणी घालवू शकतो. म्हणून कागद अंथरायच्या आधी बाबा तळ आणि चारही उतार अनवाणी चालून बघतात. पायाला टोचलं की थांबतात, गोटे वेचून माती बसवून घेतात, मगच कागद.

जाडी तुमच्या शेतात, तुमच्यासमोर गेज लावून मोजतो. कागद फाटला तर या नंबरवर फोन करा. दोन दिवसांत माणूस येतो.”

यातला 22 लाखांचा आकडा मी का घेतला ते सांगतो, म्हणजे तुम्ही दुसरा आकडा घालाल तेव्हा तपासून घालाल. वर 30 बाय 30, उतार एकास एक, खोली 3 मीटर, म्हणजे तळाशी 24 बाय 24 उरतं. त्या आकाराचं घनफळ 2196 घनमीटर येतं, म्हणजे सुमारे 22 लाख लिटर. नुसतं 30 गुणिले 30 गुणिले 3 केलं असतं तर 27 लाख आले असते आणि तळं खोदलेल्या शेतकऱ्यानं तिथंच ओळखलं असतं की यांना उतार माहीत नाही. ‘आमच्याविषयी’ पानावर आकडा चुकला तर ‘दर’ पानावरच्या आकड्यावरचाही विश्वास जातो.

परिच्छेदात वडील किती आहेत ते बघा. जुन्या पानात ते 29 वाक्यांत होते आणि दिसत नव्हते. इथं ते तीन-चार वाक्यांत आहेत आणि त्यांचे पाय दिसतात.

पण उलट्या बाजूलाही घसरू नका. काही पानं तपासल्यावर लोक सगळंच गिऱ्हाइकाच्या दुखण्यावर लिहून काढतात: ‘तुमचं पाणी झिरपतंय? तुमची बाग वाळतेय? तुमचे पैसे वाया गेले?’ एकामागं एक असे प्रश्न वाचले की शेतकऱ्याला जाहिरातीचा वास येतो, आणि तो तर ‘हे लोक कोण’ विचारायला आला होता. अडचण एकदाच सांगा, जिथं ती तुमचीही होती तिथं सांगा, आणि लगेच तुम्ही काय करता त्याकडं या.

उंदीर, जनावर, जोड आणि अनुदान हे चार प्रश्न याच पानाच्या पुढच्या भागात प्रत्येकी दोन-तीन ओळींत येतील. तिथं जे होत नाही तेही लिहा. उंदरानं कुरतडलेल्या भोकाला तुम्ही ठिगळ लावून देता, पण उंदीर येणारच नाहीत अशी हमी देत नाही, हे सरळ लिहा. तळ्याला कुंपण नसेल तर रानडुक्कर किंवा कुत्रं आत उतरून खुरानं-नखानं कागद फाडतं, हेही लिहा. असं वाक्य दिसलं की वाचणारा बाकीच्या वाक्यांवर विश्वास ठेवतो. अनुदानाबाबत फक्त ‘पक्कं बिल देतो’ एवढंच लिहा. योजना, रक्कम आणि अटी बदलत राहतात, त्या या पानावर आल्या तर पान वर्षभरात खोटं ठरेल.

नवं पान चढवायच्या आधी पाच जणांना दाखवा. नातेवाईक नकोत. मोंढ्यात किंवा कृषी सेवा केंद्रावर उभे असलेले, तळं खोदलेले किंवा खोदायचा विचार असलेले पाच शेतकरी हवेत. त्यांच्याच मोबाइलवर पान उघडून द्या, वीस सेकंदांनी मोबाइल उलटा ठेवायला सांगा आणि विचारा: हे लोक काय करतात? यांच्याविषयी काय लक्षात राहिलं? अजून काय विचारावंसं वाटतं? ‘कसं वाटलं’ हे विचारू नका. आपल्याकडं समोरच्याला कुणी वाईट म्हणत नाही, ‘चांगलं हाय’ एवढंच मिळेल. तिसऱ्या प्रश्नाची उत्तरं लिहून घ्या. पाचातल्या तिघांनी एकच गोष्ट विचारली तर ती पानावर नाहीय, किंवा आहे पण फार खाली आहे.

नंतरची मोजणी करताना हंगाम विसरू नका. तुमचं काम उन्हाळ्यात, तळी रिकामी असताना चालतं. पान जूनमध्ये बदलून जुलैचे फोन एप्रिलच्या फोनांशी ताडून बघितले तर पान बिघडलं असंच वाटेल. पुढच्या फेब्रुवारी ते एप्रिलची तुलना या फेब्रुवारी ते एप्रिलशी करा. त्यासाठी ॲनालिटिक्समध्ये आजच एक गोष्ट करा: तपशीलवार माहिती जपून ठेवायची मुदत सुरुवातीला 2 महिन्यांचीच असते, ती सेटिंगमध्ये जाऊन 14 महिने करा. नाहीतर Path exploration मध्ये वर्षभरापूर्वीचं काही दिसणारच नाही. आणि जुने आकडे आताच उतरवून ठेवा.

एवढ्या छोट्या संख्येत फोनाच्या क्लिकवरून फार काही ठरवताही येत नाही. 340 मधले सहा आणि दहा यातला फरक नुसता योगायोगही असू शकतो. म्हणून माझा भरवसा वहीवर जास्त आहे. पान लागू पडलं तर फोनवरचा पहिला प्रश्न बदलतो. ‘पाचशेचाच असतो ना’ कमी होतं आणि ‘आमच्याकडं कधी येता बघायला’ वाढतं. कुणी ‘ते अनवाणी चालणारे तुम्हीच का’ असं म्हणालं तर ते वाक्य नीट लिहून ठेवा, कारण तो माणूस पान वाचूनच आलाय. फोनवरचे प्रश्न तेच राहिले आणि पान मात्र आता दोन मिनिटं वाचलं जात असेल, तर अडचण या पानात नाही, दरात किंवा फोन उचलण्यात आहे, आणि ती इथं बदल करून सुटणार नाही.

हे सगळं तुमच्यासारख्या कामाला लागू आहे, जिथं गिऱ्हाइकाला काम विकत घ्यायचंय. माणूसच विकत घ्यायचा असतो, म्हणजे डॉक्टर, गाणं शिकवणारे गुरू, कीर्तनकार, तिथं त्यांचं शिक्षण कुठं झालं, कुणाकडं झालं हीच शंका असते, आणि तुमच्याकडं लाल ठरलेली वाक्यं तिथं हिरवी ठरतात. रेघा मारायची रीत तीच, फक्त वही वेगळी.

वडिलांना दाखवायचं कसं? पान म्हणून दाखवू नका. तीन परिच्छेद छापा, संध्याकाळी त्यांना वाचून दाखवा आणि ‘यातलं काय चुकलंय?’ एवढंच विचारा. आपलं नाव कमी झालं का हे ते बघायच्या आधी स्वतःची बाग आणि स्वतःचे पाय त्यांना ऐकू येतील. ते नक्की दुरुस्त्या सांगतील, झाडं साडेतीनशे नव्हती, तीनशे साठ होती असं काहीतरी. ती दुरुस्ती तशीच घ्या. आणि ‘दोन दिवसांत माणूस येतो’ हे वाक्य त्यांनी मान्य केल्याशिवाय चढवू नका. मे महिन्यात चार दिवस लागत असतील तर चार लिहा.